कोरड्या भाताचा गोळा

पहिला मोठा पाऊस होऊन पंचगंगेला नवं गढूळ पाणी आलं की आमच्या गल्लीत कुणाकडे ना कुणाकडे चढणीचे मासे येतातच. यंदा शेजारच्या काकूंकडे आले. त्यांच्या भावानं पन्हाळ्याकडच्या ओढ्यातून पिशवी भरून आणले होते. बोटाएवढे, काही वीतभर, अंगावर अजून चिखलाचा वास. काकूंनी ते राखेनं घासून धुतले, कांदा-लसूण चटणीत परतले आणि पातळसर रस्सा केला. भिंतीपलीकडून तो वास यायला लागल्यावर मला हाक येणार हे ठरलेलंच होतं. बाहेर पाऊस, ताटात ज्वारीची भाकरी, वाटीत तांबडा रस्सा, शेवटी भात. जेवण रंगात आलं होतं आणि काकूंची सून अचानक थांबली. हातातला घास तसाच ठेवून तिनं गळ्याशी हात नेला आणि एवढंच म्हणाली, "टोचलं."

पुढं जे झालं ते मी आयुष्यभर ज्या ज्या घरांबद्दल ऐकलंय त्या सगळ्या घरांत झालेलं आहे. नवरा उठून पाठीत धपाटे घालायला लागला. दीर फळीवरची केळी आणायला धावला. आणि काकूंनी पातेल्याच्या कडेचा कोरडा भात मुठीत घेतला, दाबून दाबून लिंबाएवढा घट्ट गोळा केला आणि सुनेच्या तोंडाशी नेला. "एकदम गिळ बघू. चावायचं न्हाई. जातंय खाली." मी काकूंचं मनगट धरलं. भाताचा गोळा हवेतच राहिला. काकूंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, गोंधळ होता, आणि थोडं दुखावलेपणही. "अवो सिस्टर, माझ्या सासूनं मला असंच दिलतं की. आमच्यात असंच करत्यात."

ती नजर मनातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

कान-नाक-घसा विभागात परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, तरी गल्लीत मी सिस्टरच आहे. त्या विभागात संध्याकाळी उशिरा येणाऱ्या पेशंटमध्ये एक ठरावीक चेहरा असायचा. मान किंचित एका बाजूला कललेली, थुंकी गिळताना डोळे मिटून घेणारा, सोबत दोन-तीन नातेवाईक. केसपेपर काढायच्या आधीच नातेवाईक सांगायचे, "भात दिला, भाकरी दिली, चार केळी दिली, लिंबू पाजलं, तरी जाईना." हे ते सगळे जण जणू आपण किती प्रयत्न केले याची हमी द्यावी तसं सांगायचे. त्यामागं माया असायची. आपल्या माणसाला टोचतंय आणि आपल्या हातात काय आहे, तर घास. आपल्याकडं दुखण्यावर पहिला उतारा खाण्याचाच असतो. काकूंच्या मुठीतल्या गोळ्यातही तेवढंच होतं. म्हणूनच तो थांबवणं अवघड जातं.

पण तो गोळा नेमकं काय करतो, हे मी आरशातून आणि दुर्बिणीतून बघितलेलं आहे. माशाचा काटा बहुतेक वेळा फार खोल जातच नाही. घशात दोन्ही बाजूंना टॉन्सिल असतात, खडबडीत, बारीक बारीक भोकं असलेल्या. जिभेचं मूळही तसंच उंचसखल. त्याच्या मागं, श्वासनलिकेवरच्या झाकणाच्या पुढं, एक छोटी खोबण असते. घास वेगानं मागं जाताना काट्याचं टोक यांतल्या कुठंतरी रुततं आणि उरलेला काटा मोकळा लोंबत राहतो. ही अडकण्याची त्यातल्या त्यात चांगली जागा. डॉक्टरांना दिसते, चिमटा पोचतो, दोन-पाच मिनिटांचं काम असतं. अशा वेळी वरून कोरडा गोळा ढकलला, तर तीन गोष्टी होऊ शकतात. कधी काटा खरंच निघून पोटात जातो, आणि पोटातलं आम्ल आणि आतडी त्याचं पुढचं बघून घेतात. कधी गोळा त्या मोकळ्या टोकाला दाबतो आणि रुतलेलं टोक मांसात आणखी आत जातं. मग वर काहीच दिसत नाही. पेशंट म्हणतो टोचतंय, डॉक्टर म्हणतात दिसत नाही. आणि कधी काटा टॉन्सिलवरून सुटतो, पण पोटापर्यंत न जाता अन्ननलिकेत आडवा बसतो. तिथं साधा चिमटा पोचत नाही. तिथं भूल लागते.

म्हणजे दिसणाऱ्या काट्याचा न दिसणारा काटा होतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

मग काकूंच्या सासूबाईंच्या गोळ्यानं काकूंचा काटा कसा गेला? याचा मी बराच विचार केलाय, कारण "आमच्यात असंच करत्यात" हे खोटं नाही. पुष्कळदा काटा घशातून जाताना फक्त ओरखडा काढून जातो. काटा केव्हाच पोटात गेलेला असतो आणि मागं राहिलेला ओरखडा चुरचुरत असतो. माणसाला वाटतं अजून आहे. भाताचा गोळा गिळतो, केळं खातो, थोडा वेळ जातो, चुरचुर कमी होते. श्रेय गोळ्याला मिळतं. ओरखडा बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप बरा होतो, भात खाल्ला काय आणि न खाल्ला काय. ज्यांचं असं बरं होतं ते घरी राहतात आणि पुढच्या पिढीला उपाय सांगतात. ज्यांचं होत नाही ते आमच्या बाकड्यावर येऊन बसायचे. काकूंनी पहिल्या प्रकारचीच माणसं पाहिली होती, मी दुसऱ्या. दोघी आपापल्या जागी खरं बोलत होतो.

त्या रात्री मी सुनेला पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे आता काही खायचं नाही. दुसरी गोष्ट विचारली, "एका बोटानं दाखव, कुठं?" तिनं जबड्याच्या खाली, उजव्या बाजूला, बोट अगदी एका ठिकाणी टेकवलं. थुंकी गिळायला सांगितली. गिळताना तिचा उजवा डोळा बारीक झाला. परत गिळायला सांगितली. परत तिथंच. हे बोट फार कामाचं असतं. काटा घशाच्या वरच्या भागात असला की माणूस बाजू बरोबर सांगतो, आणि बहुतेक वेळा काटा त्याच बाजूला सापडतो. पण जसजसा खाली जावा तसतशी ही जाण पुसट होत जाते. गळ्याच्या खालच्या खळगीवर किंवा छातीच्या मधोमध हात ठेवून "इथं कुठंतरी" म्हणणारा माणूस असला, तर बोटावर विसंबून चालत नाही, आणि काळजी जास्त करावी लागते, कारण ती जागा अन्ननलिकेची असते.

ओरखडा की काटा, हे घरी बसून शंभर टक्के ठरवता येत नाही. तरी फरकाची खूण असते. काट्याचं टोचणं प्रत्येक गिळण्याला, त्याच जागी, सुईसारखं येतं आणि तासांमागून तास तसंच राहतं. ओरखड्याचं दुखणं पसरट, चुरचुरीचं, आणि सकाळपर्यंत थोडं तरी उतरलेलं असतं. नीट खाता-पिता येतंय, दुखणं हळूहळू कमी होतंय, बाकी काही नाही, असं असेल तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नसते. पण प्रत्येक घोटाला त्याच जागी टोचत असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि चुरचूर दुसऱ्या दिवशीही तेवढीच राहिली तरी दाखवायचं. "बघू चार दिवस" हे वाक्य घशातल्या काट्यासाठी नाही.

पाठीत धपाटे घालणाऱ्या नवऱ्यालाही मी थांबवलं. तो बिचारा घाबरला होता. कुठंतरी बघितलेलं त्याच्या डोक्यात बसलं होतं की घशात अडकलं की पाठीवर मारायचं. ते खरं आहे, पण दुसऱ्याच प्रसंगासाठी. घास श्वासनलिकेच्या तोंडाशी बसला, माणसाला बोलता येईना, खोकता येईना, चेहरा निळा पडायला लागला, तेव्हा त्याला पुढं वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं जोरात पाच फटके, तरी निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके, आलटून पालटून, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन. तिथं सेकंद मोजायचे असतात. वर्षाच्या आतल्या तान्ह्या बाळाची रीत मात्र वेगळी. त्याच्या पोटावर झटके देत नाहीत, छातीवर दाब देतात. पण इथं सून बोलत होती, श्वास घेत होती, "टोचलं" म्हणून सांगत होती. बोलणाऱ्या, श्वास घेणाऱ्या माणसाच्या पाठीवर मारून काटा निघत नाही. उलट दचकून त्यानं आवंढा गिळला तर आत जातो.

तिच्या दिराचा हात एव्हाना मोबाइलच्या टॉर्चवर होता. "तोंड उघड, दिसतोय का बघतो, चिमट्यानं काढू." भुवयांचा चिमटा हातात तयार. हा मोह सगळ्यांना होतो. एखाद्या वेळी टॉन्सिलवर काटा सरळ उभा दिसतोही. पण घशाच्या मागच्या भागाला चिमटा लागला की ओकारी येते, ती थांबवता येत नाही, आणि त्या एका उसळीत काटा मोडतो किंवा चिमट्यानं पुढं ढकलला जातो. बोटं घालून ओकारी काढणाऱ्यांचंही तसंच. ओकारीत सगळे स्नायू आवळतात, त्यात टोकदार वस्तू असली तर ती भिंतीत घुसते. बोटाच्या नखांनी झालेल्या जखमांतून रक्त येऊन आलेले पेशंट मी पाहिलेत. मग डॉक्टरांना त्या रक्तातून काटा शोधावा लागायचा.

लिंबू आणि व्हिनेगरबद्दलही लिहायला हवं, कारण तो सल्ला आता शिकलेल्या घरांतून जास्त येतो. आंबटात हाड मऊ होतं हे शाळेतल्या प्रयोगात बघितलेलं असतं. त्या प्रयोगात हाड बरणीत दिवसेंदिवस बुडवून ठेवलेलं असतं. घशातला घोट काट्याला स्पर्श करतो तो क्षणभर. तेवढ्यात काटा विरघळत नाही, आधीच ओरखडलेल्या घशाला मात्र चांगलंच झोंबतं. सुनेला मी दोन घोट साधं पाणी घेऊन बघ म्हटलं होतं. ते गेलं, टोचलं, पण गेलं. पाणी जातंय, थुंकी गिळली जातेय, आवाज नेहमीचा आहे, श्वास मोकळा आहे. म्हणजे धावपळ नको, पण आज रात्रीच दाखवायचं. आम्ही ओळखीच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना फोन करून निघालो. काकू दारात उभ्या होत्या. हात धुतला होता त्यांनी, पण गोळा ताटाच्या कडेला तसाच ठेवलेला होता.

मला त्या दवाखान्यातली खुर्ची, ती दिव्याची पट्टी, सगळं ओळखीचं. आमच्या काळी गळ्याचा लांब दांड्याचा छोटा गोल आरसा असायचा. तो स्पिरिटच्या दिव्यावर किंचित गरम करायचा, म्हणजे श्वासाची वाफ धरत नाही. मग आपल्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवून जास्त तापला नाही ना हे बघायचं आणि डॉक्टरांच्या हातात द्यायचा. पेशंटची जीभ गॉजच्या तुकड्यात धरून पुढं ओढायची, त्याला तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं आणि आरसा आत. आता पातळ दुर्बीण असते, समोर पडद्यावर चित्र दिसतं. पण जीभ अजूनही गॉजमध्येच धरतात. डॉक्टरांनी घसा बधिर करणारा फवारा मारला, दोन-तीन मिनिटं थांबले आणि आधी साध्या डोळ्यांनी, जीभ दाबून, उजवी टॉन्सिल बघितली. मग तिच्या खालच्या टोकाशी काहीतरी पांढरट चमकलं.

तिथं एक गंमतीची नव्हे, मोठ्या कौशल्याची गोष्ट असते. ओल्या घशात लाळेचे तंतू लोंबत असतात आणि माशाचा बारीक काटा हुबेहूब लाळेच्या तंतूसारखा दिसतो. अनुभवी डॉक्टर लगेच चिमटा घालत नाहीत. आवंढा गिळायला सांगतात. लाळ हलते, जागा बदलते. काटा तिथंच राहतो. सुनेनं गिळलं. तंतू हलला नाही. पुढं वाकवलेला लांब चिमटा गेला, एक क्षण थांबला आणि बाहेर आला. टोकावर नखाच्या कडेएवढा जाड आणि बोटाच्या एका पेरापेक्षा कमी लांबीचा, किंचित वाकडा, पारदर्शक काटा. सुनेनं थुंकी गिळून बघितली आणि रडायलाच लागली. डॉक्टरांनी सांगितलं, घसा बधिर आहे तोवर, साधारण तासभर, काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर घोट श्वासनलिकेत जाईल. आणि टोचल्यासारखं उद्या-परवापर्यंत थोडं वाटेल, तो ओरखडा आहे.

हे सरळ झालं. सगळं असं होत नाही, म्हणून दुसरी गोष्ट सांगते. ती माशाची नाही, मटणाची आहे. आणि कोल्हापुरात राहून मटणाच्या हाडाबद्दल न बोलणं शक्य नाही.

माझ्या नोकरीच्या मधल्या वर्षांत राधानगरीकडचे एक आजोबा आले. तोंडात वरची कवळी, पूर्ण टाळू झाकणारी. घरी आखाडातलं जेवण होतं. रश्शात भाकरी कुस्करून खाताना "काहीतरी घट्ट" गेलं एवढंच त्यांना कळलं. हे कवळीवाल्या माणसांचं नेहमीचं आहे. घासात हाड आहे हे आपल्याला टाळूवरून कळतं. जीभ घास टाळूवर दाबते आणि बोचरं काही असेल तर लगेच थांबते. कवळीनं टाळू झाकला की ही राखण संपते. खाटकाच्या सुऱ्याखाली फुटलेल्या हाडाची चपटी, दोन्ही बाजूंना धारदार कपची रश्शाबरोबर निमूटपणे मागं जाते. आजोबांना टोचलं ते गळ्याच्या खाली. पहिल्या रात्री केळी दिली. दुसऱ्या दिवशी घट्ट काही जाईना, पेज जात होती. मग पेजही जाईना. घरचे म्हणत होते, वय झालं, घसा बसलाय. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा खांद्यावरचा पंचा लाळेनं ओला होता. ते थुंकी गिळत नव्हते, पुसत होते. अंगात ताप होता.

लाळ बाहेर येणं ही मी पाहिलेली सगळ्यात महत्त्वाची खूण. माणूस दिवसभर आपली थुंकी नकळत गिळत असतो. ती गिळता येईनाशी झाली म्हणजे वाट बंद आहे किंवा सूज मोठी आहे. तेव्हा रात्र आहे, पाऊस आहे, उद्या बाजार आहे, यातलं काहीही कारण चालत नाही. तसंच छातीत किंवा पाठीच्या मणक्याच्या मध्यापर्यंत जाणारं दुखणं, ताप, गळ्याला सूज, मान वळवताना दुखणं, आवाज बदलणं, श्वासाला आवाज येणं, थुंकीतून किंवा उलटीतून रक्त. यातलं एक दिसलं तरी थेट मोठ्या रुग्णालयात. आजोबांच्या गळ्यावर आमच्या डॉक्टरांनी हलकेच बोटं दाबली आणि मला म्हणाले, "सिस्टर, इथं हात लावा." कातडीखाली बारीक करकर लागत होती, कोरड्या पानावर बोट फिरवावं तशी. अन्ननलिकेला छिद्र पडून हवा कातडीखाली आली होती.

अन्ननलिकेच्या अगदी वरच्या तोंडाशी स्नायूंचं एक कडं असतं. ते एरवी बंद असतं, घास आला की क्षणभर उघडतं. टॉन्सिलवरून निसटलेल्या टोकदार गोष्टी बहुतेक वेळा याच्या आसपास आडव्या बसतात. कडं आवळतं, टोकं भिंतीत जातात. आजोबांच्या मानेच्या एक्स-रे फोटोत हाड स्पष्ट दिसलं, कारण मटणाचं हाड जाड असतं. माशाच्या काट्याचं तसं नाही. पुष्कळ माशांचे काटे साध्या फोटोत उमटतच नाहीत. उलट वय झालेल्या माणसाच्या स्वरयंत्राच्या कूर्चा कडक झालेल्या असतात आणि त्या फोटोत काट्यासारख्या दिसतात. त्यामुळं "फोटो नॉर्मल आला" म्हणून घरी जाऊन बसलेल्यांना परत यावं लागायचं. टोचणं थांबलेलं नाही आणि फोटो स्वच्छ आहे, असं असेल तर डॉक्टर दुर्बीण घालतात किंवा सीटी स्कॅन करतात. त्यात काटा सापडण्याची शक्यता फार चांगली असते. आणखी एक, अशा वेळी बेरियम पाजून फोटो काढणं टाळतात. तो पांढरा लेप भिंतीला बसला की दुर्बिणीतून काहीच नीट दिसत नाही.

आजोबांना पूर्ण भूल देऊन लोखंडी सरळ दुर्बिणीतून हाड काढलं. आधी सरळ ओढलं नाही. हळूच फिरवून भिंतीत रुतलेलं धारदार टोक मोकळं केलं, दुर्बिणीच्या नळीच्या आत घेतलं आणि मग नळीसकट बाहेर. टोक पुढं ठेवून ओढलं असतं तर वर येताना सगळी वाट चिरत आलं असतं. नाकातून नळी घालून किती तरी दिवस त्यांना नळीनंच दूध आणि पेज दिली, शिरेतून अँटिबायोटिक्स. ते बरे होऊन गेले. सगळेच जात नाहीत. छिद्रातून बाहेर पडलेला पू मानेतून छातीत उतरला की प्रकरण जिवावरचं होतं. म्हणूनच टोकदार वस्तू अन्ननलिकेत अडकल्याची शंका असली तर काही तासांत, आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत ती बाहेर काढायची असते. आजोबांचे पहिले चोवीस तास केळ्यांत गेले.

केळ्यांचा आणखी एक तोटा कुणाच्या लक्षात येत नाही. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, घन अन्नानंतर साधारण सहा तास. काटा खाली गेलेला, दुर्बिणीची गरज, आणि पेशंट दवाखान्याच्या दारात शेवटचं केळं खाऊन आलेला. मग एक तर वाट बघायची, नाहीतर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी जास्तीची जोखीम घ्यायची. घरात टोचल्यापासून तोंड बंद ठेवलं तर हे तास वाचतात. पोटातून मायेनं आलेला घास त्या रात्री न देणं, एवढंच करायचं असतं, आणि तेच घरच्यांना सगळ्यात कठीण जातं हे मला माहीत आहे.

लहान मुलांबद्दल थोडं. मूल बोट दाखवून सांगत नाही. जेवता जेवता रडायला लागतं, ताट ढकलतं, लाळ गाळतं, मान अवघडून बसतं. माशाच्या जेवणानंतर असं झालं की ते हट्ट करतंय असं समजू नये. त्याच्या तोंडात बोट घालून चाचपू नये. सरळ डॉक्टरांकडं न्यावं.

आपण कोल्हापूरचे लोक माशाच्या बाबतीत थोडे कच्चे आहोत, असं मला नेहमी वाटतं. माझी आई रत्नागिरीची. ती बांगडा खाताना आधी वरची बाजू बोटानं सोडवायची, मग कणा शेपटीकडून अलगद उचलायची, बहुतेक काटे त्याच्याबरोबर निघून यायचे. ते ताटाच्या एका कडेला रांगेनं. मासा आणि भात एका घासात कधी नाही. माशाचा घास वेगळा, तो जिभेनं पुढच्या दातांशी चाळून घ्यायचा, मग भात. आपण मटण खाणारे. आपल्या हाताला कुस्करायची सवय. नदी-धरणातला रोहू, कटला आपण रश्शात भाताबरोबर कालवतो. आणि या माशांचे पुष्कळ काटे कण्याला जोडलेले नसतातच. मांसातच सुटे, इंग्रजी वाय अक्षरासारखे दुतोंडी काटे असतात. कणा उचलला तरी ते मागं राहतात. रश्श्यात भिजलेल्या मऊ भातात ते बोटाला लागत नाहीत. चढणीच्या बारक्या माशांचं तर विचारूच नका. गप्पा मारत, हसत, घाईनं खाल्लेल्या घासात ते हमखास मागं जातात. हे मासे खायचे तर कुरकुरीत तळून, चावून चावून, आणि कवळी असेल तर नकोच, असं माझं मत आहे. काकूंना ते पटलेलं नाही. रश्श्याची चव तळण्याला नाही, असं त्या म्हणतात, आणि चवीबद्दल त्यांचं बरोबरच आहे.

कोल्हापूर शहरात रात्री-अपरात्री कान-नाक-घसा तज्ज्ञ मिळतो. सीपीआर या सरकारी रुग्णालयात तो विभाग आहे, खासगी दवाखानेही आहेत. अवघड आहे ते गगनबावड्याच्या बाजूला. तिथून शहर सुमारे ५५ किलोमीटर, पावसात रस्त्यावर पाणी. अशा ठिकाणचे लोक सकाळची वाट बघतात आणि दरम्यान घास देत राहतात. त्यांच्यासाठी मला सांगावंसं वाटतं की निघायला उशीर होणार असेल तर होऊ दे, पण तेवढा वेळ काही खाऊ घालू नका. लाळ गळत असेल, श्वासाला त्रास असेल, छातीत दुखत असेल, तर मात्र सकाळ नाही, लगेच १०८. त्या गाडीत आडवं झोपवून घेण्याचा आग्रह करू नका. बसून, पुढं वाकून, लाळ बाहेर पडू देत जास्त बरं वाटतं.

आणि निघताना दोन गोष्टी सोबत घ्या. कवळी असेल तर ती काढून डबीत, म्हणजे तिचा तुकडा तर मोडून आत गेला नाही ना, हे डॉक्टरांना बघता येतं. दुसरी, त्याच माशाचा ताटात राहिलेला एखादा काटा, कागदात गुंडाळून. आत काय शोधायचंय, केवढं आणि कसं वाकलेलं, हे समोर दिसलं की काम सोपं होतं. मासा कुठला, किती वाजता टोचलं, शेवटचं काय आणि केव्हा खाल्लं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हेही वाटेतच आठवून ठेवा. खुर्चीवर बसल्यावर डॉक्टर नेमकं तेच विचारतात.